ड्रॅगनचे तुकडे कसे पाडावेत

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९६ साली एका ड्रॅगनच्या मूर्तीचं लेझर स्कॅन झालं आणि त्यातून तयार झालेली त्रिमित प्रतिकृती सगळ्यांसाठी खुली ठेवली गेली. ग्राफिक्सचं काम करणाऱ्या बहुतेकांनी हा ड्रॅगन कधी ना कधी पडद्यावर आणलेला असतो. त्याच्या `dragon_vrip.ply` या फाइलीत ४,३७,६४५ व्हर्टेक्स, म्हणजे कोपरे, आणि ८,७१,४१४ त्रिकोण आहेत. एके काळी एवढी जाळी पाहून यंत्राला घाम फुटायचा. आज गेममधल्या एका दृश्यात असे पन्नास ड्रॅगन मागितले जातात, आणि तेही सेकंदाला साठ वेळा.

मेश शेडर आल्यापासून अनेकांना वाटतं की नवी पाइपलाइन लावली की वेग आपोआप येतो. मला ते पटत नाही. मेश शेडरचा कोड चाळीस ओळींत बसतो, आणि तो बहुधा सगळ्यांचा सारखाच असतो. फरक पडतो तो त्याआधी, जाळीचे तुकडे पाडताना. म्हणून या लेखात शेडरपेक्षा कापणीबद्दलच जास्त बोलणार आहे.

आधी जुनी पद्धत थोडक्यात. इंडेक्स बफरमध्ये प्रत्येक त्रिकोणासाठी तीन आकडे असतात. जीपीयूमधलं एक ठरावीक हार्डवेअर ते आकडे क्रमाने वाचतं, कोणता व्हर्टेक्स नुकताच येऊन गेला आहे ते तपासतं, नव्या व्हर्टेक्सच्या तुकड्या बांधतं आणि त्या व्हर्टेक्स शेडरकडे पाठवतं. ड्रॅगनची जाळी बदलत नाही. कोणता कोपरा कोणत्या त्रिकोणांत सामाईक आहे हे पहिल्या फ्रेमला जे होतं तेच हजाराव्या फ्रेमलाही असतं. तरी हार्डवेअर दर फ्रेमला तेच नव्याने शोधून काढतं. शिवाय मूर्तीची पाठ कॅमेऱ्याला दिसत नसली, तरी तिथले सगळे त्रिकोण वाचून, कोपरे फिरवून, शेवटी फेकून द्यावे लागतात. शेडरची युनिटं कितीही वाढवली तरी हा दरवाजा अरुंदच राहतो.

एनव्हिडियाने २०१८ मध्ये ट्युरिंग पिढीबरोबर हा दरवाजाच काढून टाकण्याची सोय केली. डायरेक्टएक्स १२ अल्टिमेटने २०२० मध्ये ती प्रमाणित केली. २०२२ मध्ये वल्कनचं `VK_EXT_mesh_shader` आणि ॲपलचं मेटल ३ आलं. कल्पना साधी आहे. जाळी आधीच छोट्या तुकड्यांत कापून ठेवायची. हे तुकडे म्हणजे मेशलेट. प्रत्येक तुकड्याकडे स्वतःच्या व्हर्टेक्सची यादी असते, आणि त्याचे त्रिकोण त्या यादीतले क्रमांक सांगतात. यादी छोटी असल्यामुळे एक क्रमांक एका बाइटमध्ये मावतो. शेडरचा एक थ्रेडग्रुप एक तुकडा घेतो आणि तयार त्रिकोण थेट रास्टरायझरला देतो.

```hlsl
[outputtopology("triangle")]
[numthreads(64, 1, 1)]
void main(uint t : SV_GroupThreadID, uint g : SV_GroupID,
          out vertices VOut v[64], out indices uint3 tri[124])
{
    Meshlet m = meshlets[g];
    SetMeshOutputCounts(m.vcount, m.tcount);
    if (t < m.vcount)
        v[t] = transform(vertexIds[m.voffset + t]);
    for (uint i = t; i < m.tcount; i += 64)
        tri[i] = loadTriangle(m.toffset, i);
}
```

वरच्या कोडमधले ६४ आणि १२४ हे आकडे कुठून आले, असा प्रश्न कोणालाही पडेल. एनव्हिडियाने सुरुवातीला ६४ व्हर्टेक्स आणि १२६ त्रिकोण सुचवले होते. १२८ न सुचवण्याचं कारण अगदी हार्डवेअरमधलं आहे. त्रिकोणांच्या क्रमांकांसाठी जागा १२८ बाइटच्या पटीत मिळते, आणि त्यातच चार बाइट त्रिकोणांच्या संख्येसाठी लागतात. १२६ त्रिकोणांचे ३७८ बाइट आणि हे चार मिळून ३८२ होतात, म्हणजे ३८४ मध्ये बसतात. १२८ घेतले तर आणखी १२८ बाइटचा कप्पा उघडावा लागतो. १२४ हा आकडा चाराच्या पटीत असल्यामुळे साठवणुकीला सोयीचा, म्हणून तोही रुळला.

पण गंमत अशी की ६४ कोपऱ्यांच्या चांगल्या तुकड्यात १२४ त्रिकोण कधी होतच नाहीत. भोक नसलेल्या सपाट तुकड्यासाठी ऑयलरच्या सूत्रातून एक सरळ नातं निघतं:

```
T = 2V - 2 - b
```

`V` म्हणजे तुकड्यातले एकूण व्हर्टेक्स, `b` म्हणजे त्यातले कडेवरचे, आणि `T` म्हणजे त्रिकोण. ६४ व्हर्टेक्स आठ बाय आठच्या चौकोनात मांडले तर कडेवर २८ येतात आणि त्रिकोण होतात ९८. तेच ६४ दोन बाय बत्तीसच्या पट्टीत मांडले तर सगळेच्या सगळे कडेवर येतात आणि त्रिकोण उरतात ६२.

आता हे ड्रॅगनला लावून पाहू. सगळे तुकडे चौकोनी निघाले असं धरलं, तर ८,७१,४१४ भागिले ९८, म्हणजे सुमारे ८,८९२ मेशलेट होतील. प्रत्येकात ६४ व्हर्टेक्स, म्हणजे शेडर ५,६९,०८८ व्हर्टेक्स फिरवेल. मूळ होते ४,३७,६४५. कडेचे व्हर्टेक्स दोन-तीन तुकड्यांत पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे ३० टक्के काम जास्तीचं. हे चालण्यासारखं आहे. पट्ट्या पाडल्या तर मात्र सुमारे १४,०५५ मेशलेट आणि जवळपास नऊ लाख व्हर्टेक्स होतात, म्हणजे मूळच्या दुप्पट. शेडर तोच, ड्रॅगन तोच, कार्ड तेच. फक्त कापणी वेगळी.

शेतीच्या वाटण्यांत हेच होतं. भावाभावांत जमीन लांबट पट्ट्यांत वाटली की पिकाखालची जमीन कमी होते आणि बांधच वाढतात. मेशलेटमध्येही बांधाला, म्हणजे कडेला, किंमत आहे. तुकडा जितका गोलसर किंवा चौकोनी, तितकी कड कमी.

पट्ट्या वापरणारे अडाणी होते असं मात्र नाही. युबिसॉफ्टच्या उल्रिख हार आणि सेबॅस्टियन आल्टोनेन यांनी २०१५ च्या सिग्राफमध्ये जीपीयूवरच निर्णय घेणाऱ्या पाइपलाइनबद्दल व्याख्यान दिलं. त्यात जाळी ६४ व्हर्टेक्सच्या ठरावीक पट्ट्यांत कापलेली होती. तेव्हा मेश शेडर नव्हते. जुन्याच पाइपलाइनमधून तुकड्यांचं काम काढून घ्यायचं तर प्रत्येक तुकड्याची रचना एकसारखी असणं सोयीचं होतं. आज ते बंधन नाही, त्यामुळे पट्टीचं कारणही उरलेलं नाही.

मग चौकोनी तुकडे पाडायचे कसे? व्यवहारात सगळे एकच जुगाड वापरतात, आणि ते लोभी पद्धतीचं आहे. एका त्रिकोणापासून सुरुवात करायची. त्याच्या शेजारच्या त्रिकोणांपैकी ज्याला नवा व्हर्टेक्स लागत नाही, तो आधी घ्यायचा. तसा कुणी नसेल, तर तुकड्याच्या मध्याला सगळ्यात जवळ असलेला आणि दिशा जुळणारा घ्यायचा. ६४ व्हर्टेक्स भरले की तुकडा बंद करून पुढचा सुरू करायचा. आर्सेनी कापुल्किन यांच्या मेशऑप्टिमायझर लायब्ररीतलं `meshopt_buildMeshlets` साधारण असंच काम करतं. तिच्यात `meshopt_buildMeshletsScan` नावाचं दुसरंही फंक्शन आहे. ते शेजार वगैरे न पाहता इंडेक्स बफरच्या क्रमानेच तुकडे पाडतं. खूप वेगवान आहे, पण तुकडे लांबट निघतात, कारण जुन्या कॅशसाठी लावलेला क्रम मुळातच पट्टीसारखा असतो. गेम चालू असताना तुकडे पाडायचे असतील तरच ते वापरावं. जाळी आधी तयार करून ठेवता येत असेल, तर तिथे दोन सेकंद वाचवण्यात काही राम नाही.

लोभी पद्धतीचा ठरलेला दोष म्हणजे उरलेसुरले त्रिकोण. चारी बाजूंनी तुकडे बंद झाले की मध्ये पाच-सहा त्रिकोणांचं बेट राहतं, आणि त्याचा वेगळा मेशलेट होतो. त्या बेटासाठीही पूर्ण थ्रेडग्रुप खर्ची पडतो. म्हणून मेशलेटची नुसती संख्या पाहू नये; त्रिकोणसंख्येचा आलेख काढावा. चांगल्या कापणीत बहुतेक मेशलेट ९० ते १०० च्या आसपास असतात आणि छोट्यांची शेपटी बारीक असते.

या आलेखात एक आकडा दिसला की मी बाकी सगळं थांबवतो: २१. सरासरी २१ आली, तर जवळजवळ खात्रीने समजावं की जाळी जोडलेलीच नाही. प्रत्येक त्रिकोणाचे तीन व्हर्टेक्स स्वतंत्र आहेत, म्हणून ६४ भागिले ३ होऊन २१ वर गाडी अडते. ड्रॅगनचे मग ४१ हजारांवर मेशलेट होतात. हे कशामुळे होतं? फाइल मध्येच एसटीएलमधून गेलेली असते, आणि त्या प्रकारात सामाईक व्हर्टेक्स ही संकल्पनाच नाही. किंवा निर्यात करताना कुणीतरी प्रत्येक त्रिकोणाला वेगळा नॉर्मल दिलेला असतो. प्रत्येक मेशलेटला वेगळा रंग देऊन चित्र काढलं तर निरोगी ड्रॅगनवर खवल्यांसारखे ठिगळ दिसतात. अशा आजारी ड्रॅगनवर रंगांची नुसती कचकच दिसते. उपाय कापणीत नाही, त्याआधी आहे. `meshopt_generateVertexRemap` ने सारखे व्हर्टेक्स एकत्र करावेत. नॉर्मल थोडे थोडे वेगळे असतील तर तेही जुळणार नाहीत, म्हणून आधी ते काढून टाकून नव्याने मोजावेत.

कापणी नीट झाली की न दिसणारे तुकडे आधीच गाळता येतात. मेश शेडरच्या आधी एक ऐच्छिक पायरी असते. डायरेक्टएक्समध्ये तिला ॲम्प्लिफिकेशन शेडर म्हणतात, वल्कनमध्ये टास्क शेडर. त्यात ३२ थ्रेड, प्रत्येकाकडे एक मेशलेट. ड्रॅगनचे ८,८९२ मेशलेट २७८ गटांत तपासून होतात. जो तुकडा दिसण्याची शक्यता आहे तेवढ्याचाच क्रमांक पेलोडमध्ये जातो, आणि तेवढेच मेश शेडर सुरू होतात.

कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरचे तुकडे गाळणं सोपं आहे, त्यावर वेळ घालवत नाही. पाठमोरे तुकडे गाळणं जास्त रंजक आहे. मेशलेटमधल्या सगळ्या त्रिकोणांचे नॉर्मल एका शंकूत बसवायचे. शंकूचा अक्ष आणि अर्धकोनाची साइन साठवायची. मग एवढी चाचणी पुरते:

```hlsl
float3 d = center - camera;
bool reject = dot(d, axis) >= cutoff * length(d) + radius;
```

हे किती गाळेल ते कागदावरच काढता येतं. वस्तू साधारण गोलाकार आणि कॅमेरा दूर असेल, तर अर्धकोन `a` असताना `(1 - sin a) / 2` एवढे तुकडे गळतात. शंकू १० अंशांचा असेल तर ४१ टक्के, ३० अंशांचा असेल तर २५ टक्के, आणि ६० अंशांचा झाला तर जेमतेम ७ टक्के. म्हणजे शंकू थोडा पसरला की फायदा झपाट्याने आटतो. स्कॅन केलेल्या मूर्तीवर लेझरचा खरखरीतपणा असतो, ड्रॅगनला तर खवलेही आहेत. तुकड्यातला एखादाच त्रिकोण वेडावाकडा असला तरी सगळा शंकू फाकतो. इथे मेशऑप्टिमायझरमधलं `cone_weight` कामाला येतं. ते शून्यावरून वाढवत नेलं की कापणी कंगोऱ्यापाशी थांबायला शिकते. पण मग तुकडे लहान आणि लांबट होतात, आणि बांध वाढतात. गाळण्यातून जे मिळवलं ते कडेवर जाऊ शकतं. गुळगुळीत यांत्रिक भागांवर वजन वाढवणं फळतं. झाडपाल्यावर ते शून्य ठेवावं.

झाडपाल्यावर तर ही चाचणीच लावू नये. पान दोन्ही बाजूंनी दिसतं, त्याला पाठ नसते. हाडांवर हलणाऱ्या पात्रांचंही तसंच: शंकू मोजलेला असतो पात्र हात पसरून उभं असतानाचा, आणि ते वाकलं की तो खोटा ठरतो. आरशासारखं उलटं केलेलं मॉडेल असेल, म्हणजे स्केल ऋण असेल, तर समोरचे तुकडे गळतात आणि मागचे राहतात. या सगळ्यांचं लक्षण एकच. कॅमेरा फिरवताना मॉडेलमध्ये बरोबर मेशलेटच्या आकाराची भोकं उघडतात आणि मिटतात. त्रिकोणाएवढं भोक असेल तर दोष दुसरीकडे शोधावा.

दुसऱ्या वस्तूंआड लपलेले तुकडे गाळण्यासाठी दोन फेऱ्या लागतात. आधीच्या फ्रेममध्ये जे दिसले होते ते पहिल्या फेरीत काढायचे, त्या खोलीच्या चित्राचे पायरीपायरीने लहान होत जाणारे थर बनवायचे, आणि उरलेले तुकडे त्यावर तपासून दुसऱ्या फेरीत काढायचे. दुसरी फेरी कंटाळा करून टाळली, आणि फक्त मागच्या फ्रेमच्या खोलीवर भरवसा ठेवला, तर कॅमेरा झटकन वळला की भिंतीआडून वस्तू एक फ्रेम उशिरा उगवतात. हे स्क्रीनशॉटमध्ये सापडत नाही. चालत्या चित्रात मात्र डोळ्याला खुपतं.

साठवणुकीचाही एक सापळा आहे, आणि तो हुशार माणसालाच अडकवतो. मुळात मेशलेटमुळे जागा वाचते. ड्रॅगनचा साधा इंडेक्स बफर सुमारे साडेदहा एमबीचा; मेशलेटच्या याद्या आणि एक-बाइटी क्रमांक मिळून सुमारे पाच एमबी. मग मोह होतो की व्हर्टेक्सच्या जागाही प्रत्येक मेशलेटच्या स्वतःच्या चौकटीत मोजून कमी बिटांत बसवाव्यात. तसं केलं की कडेवरचा एकच व्हर्टेक्स दोन तुकड्यांत दोन वेगवेगळ्या जाळ्यांवर गोल केला जातो, आणि जागा किंचित सरकते. पडद्यावर तुकड्यांच्या सीमांवर पार्श्वभूमीचे बारीक ठिपके लुकलुकतात. मोजणीची पायरी सगळ्या मूर्तीसाठी एकच ठेवावी. तुकड्याने फक्त आपला आरंभबिंदू त्याच पायरीच्या पटीत घ्यावा. मग दोन्ही बाजूंना तोच आकडा येतो.

कार्डानुसारही गणित बदलतं. एएमडीच्या आरडीएनए २ पिढीत एक थ्रेड जास्तीत जास्त एक व्हर्टेक्स आणि एक त्रिकोण बाहेर देतो. वरच्या कोडमध्ये ६४ थ्रेड लिहिले असले, तरी १२४ त्रिकोण जाहीर केल्यामुळे तिथे तितके थ्रेड उभे राहतात, आणि अर्धे नुसते त्रिकोण पोचवण्यासाठी. आपल्या कापणीत ९८ च्या वर फारसे जातच नसतील, तर १२४ जाहीर करून काय मिळालं? कमाल मर्यादा प्रत्यक्ष आलेखावरून ठरवावी. उलट १२८ व्हर्टेक्सचे तुकडे घेतले, तर आठ बाय सोळाच्या मांडणीत २१० त्रिकोण बसतात आणि जास्तीचं काम ३० वरून सुमारे २१ टक्क्यांवर येतं. मात्र तुकडा मोठा झाल्यामुळे शंकू फाकतो आणि गाळणी ढोबळ होते.

एवढं सगळं करूनही एका ठिकाणी मेश शेडर हात टेकतात. स्टॅनफर्डच्याच संग्रहात ल्युसी नावाच्या देवदूताच्या पुतळ्याची प्रतिकृती आहे: २,८०,५५,७४२ त्रिकोण. साध्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर पिक्सेल आहेत २०,७३,६००. म्हणजे पुतळा सगळा पडदा व्यापून उभा राहिला तरी दर पिक्सेलमागे तेरा त्रिकोण. पाठमोरे अर्धे गाळले तरी सहा-सात. रास्टरायझर पिक्सेल दोन बाय दोनच्या गटांत रंगवतो, त्यामुळे एका पिक्सेलच्या त्रिकोणासाठीही चार पिक्सेलांचं काम होतं. हे मेशलेट कितीही सुबक कापले तरी टळत नाही. ते ओळखायचं कसं? खिडकी अर्ध्या रुंदी-उंचीची करून पाहावी, पण तपशिलाची पातळी तीच ठेवून. वेळ फारसा कमी झाला नाही, तर खर्च पिक्सेलचा नाही, त्रिकोणांच्या संख्येचाच आहे, आणि मग इलाज एकच: दूरच्या तुकड्यांसाठी कमी त्रिकोण.

अनरियल इंजिन ५ मधल्या नॅनाइटने तिथून पुढे सुरुवात केली. त्याचे तुकडे १२८ त्रिकोणांचे. शेजारचे काही तुकडे एकत्र करायचे, गटाची बाहेरची कड जशीच्या तशी ठेवून आतले त्रिकोण निम्मे करायचे, आणि उरलेल्याचे पुन्हा १२८ चे तुकडे पाडायचे. पुढच्या पातळीवर गट वेगळे बांधले जातात, त्यामुळे आज गोठवलेली कड उद्या गटाच्या आत येते आणि तीही विरळ होते. एकच कड सगळ्या पातळ्यांवर गोठलेली राहिली असती, तर तिथे बारीक त्रिकोणांची दाट रेघ शेवटपर्यंत उरली असती. एवढ्यानंतरही जे तुकडे पिक्सेलएवढ्या त्रिकोणांचे राहतात, ते नॅनाइट हार्डवेअर रास्टरायझरकडे देतच नाही. ते कॉम्प्युट शेडरमध्ये रंगवले जातात, आणि प्रत्येक पिक्सेलसाठी ६४ बिटांचा एक आकडा अणुक्रियेने लिहिला जातो: ३० बिट खोली, २७ बिट तुकड्याचा क्रमांक, ७ बिट त्रिकोणाचा. सात बिटांत १२८ त्रिकोण मोजता येतात; १२९ वा त्रिकोण तुकड्यात घातला तर त्याच्यासाठी पिक्सेलमध्ये जागाच नाही.